मिलानच्या व्यासपीठावरची मुले

सप्टेंबर १८८० मध्ये, ६ ते ११ तारखेच्या दरम्यान, इटलीतल्या मिलान शहरात बधिर मुलांच्या शिक्षणाविषयी एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. चर्चेच्या जोडीला पाहुण्यांसाठी प्रात्यक्षिके ठेवली होती. स्थानिक शाळांतली बधिर मुले समोर आणली गेली. शिक्षकांनी तोंडी प्रश्न विचारले, मुलांनी ओठ वाचून तोंडीच उत्तरे दिली. जन्मात आवाज न ऐकलेले मूल स्पष्ट इटालियन बोलते आहे, हे पाहून पाहुणे भारावून गेले. परिषदेचा अध्यक्ष ज्युलिओ तारा हा स्वतः अशाच एका शाळेचा प्रमुख होता आणि बोलक्या पद्धतीचा कट्टर पुरस्कर्ता होता.

अमेरिकेहून आलेल्या मोजक्या प्रतिनिधींना मात्र काही गोष्टी खटकल्या आणि त्यांनी त्या परत जाऊन लिहून ठेवल्या. काही मुले प्रश्न पुरता विचारून होण्याआधीच उत्तर द्यायला लागत होती. यातली जन्मतः बधिर किती आणि बोलायला शिकल्यानंतर आजाराने बधिर झालेली किती, हे कोणी सांगत नव्हते. हे टिपणाऱ्यांत जेम्स डेनिसन होता. दीडशेहून अधिक प्रतिनिधींच्या त्या परिषदेत तो एकटाच स्वतः बधिर होता.

मी या परिषदेच्या मागे लागलो ते घरच्या कारणाने. सात वर्षांपूर्वी माझ्या भाचीला मुलगी झाली. जन्मानंतरच्या श्रवण-तपासणीत ती दोनदा नापास झाली. चौथ्या महिन्यात पुण्यात बेरा चाचणी केली, तर नव्वद डेसिबलच्या आवाजालाही दोन्ही कानांकडून प्रतिसाद नव्हता. म्हणजे शेजारी ट्रकचा भोंगा वाजला तरी तिला त्याचा अर्थ लागेल असे काही पोचणार नव्हते. दोन आठवड्यांत भाचीच्या हातात तीन परस्परविरोधी सल्ले पडले. एकाने सांगितले, इम्प्लांट करा आणि हातवारे पूर्ण बंद करा, नाहीतर पोर बोलायची नाही. दुसरा म्हणाला, खुणांची भाषा हीच तिची मातृभाषा, शस्त्रक्रियेच्या फंदात पडू नका. तिसरा म्हणाला, दोन्ही करा. भाची मला म्हणाली, "मामा, तू एवढी जुनी पुस्तकं उलथीपालथी करतोस. हे भांडण आहे तरी कशाचं, तेवढं मला सांग."

ते भांडण मिलानमध्ये मतदानाने सोडवायचा प्रयत्न झाला होता. परिषदेचे दोन ठराव आपल्या कामाचे आहेत. पहिल्याने खुणांपेक्षा वाणी निर्विवाद श्रेष्ठ असल्याचे जाहीर केले. तो १६० विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. दुसरा ठराव 'दोन्ही करा' म्हणणाऱ्यांसाठी होता. वाणी आणि खुणा एकाच वेळी वापरल्या तर बोलणे, ओठ वाचणे आणि विचारांची नेमकेपणाही बिघडतो, म्हणून 'शुद्ध' तोंडी पद्धतच वापरावी, असे त्यात म्हटले होते. त्याच्या विरोधात थोडी अधिक मते पडली, पण तोही १५० विरुद्ध १६ असा आरामात पार झाला. मतदारांत निम्म्याहून अधिक इटालियन होते आणि त्यांच्या खालोखाल फ्रेंच.

परिणाम लवकर दिसू लागले. फ्रान्समध्ये नव्या मुलांना जुन्या, खुणा करणाऱ्या मुलांपासून वेगळे ठेवले गेले, म्हणजे 'संसर्ग' होऊ नये. युरोपात आणि अमेरिकेत बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या हळूहळू गेल्या, कारण ज्याला स्वतः ऐकू येत नाही तो उच्चार कसे शिकवणार? आपल्याकडची पहिली नावाजलेली शाळा मुंबईत माझगावला बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने निघाली ती १८८५ च्या सुमारास, मिलाननंतर अवघ्या पाच वर्षांनी. पुढे देशभर शाळा निघाल्या, आणि वर्गात तोंडी पद्धत हेच प्रमाण राहिले. खुणा वसतिगृहात, मधल्या सुट्टीत, दिवे मालवल्यावर चालू राहिल्या. १९७० च्या दशकात मदन वसिष्ठ आणि जेम्स वुडवर्ड यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई, बंगळुरू इथल्या खुणा तपासल्या. त्या एकमेकींच्या नात्यातल्या निघाल्या, एकाच भाषेच्या बोली असाव्यात तशा. कोणी न शिकवता नव्वद वर्षे टिकलेली ती भाषा होती.

आता प्रात्यक्षिकाकडे परत जाऊ. मुलांनी तिथे फसवणूक केली असे मी म्हणत नाही. ती खरोखर बोलत होती. प्रश्न असा आहे, की समोर उभे केलेले मूल कोणाचे प्रतिनिधी होते?

सहाव्या वर्षी मेंदूज्वराने ऐकू येईनासे झालेल्या मुलाकडे भाषा आधीच असते. वाक्य कसे जुळते, 'का' आणि 'कधी' म्हणजे काय, हे त्याला माहीत असते. ओठांवरून मिळणारा अर्धवट तुकडा तो त्या माहितीने पुरा करतो. जन्मतः बधिर मुलाला त्याच तुकड्यांतून भाषा पहिल्यांदा उभी करायची असते. आरशासमोर उभे राहून आवाज न काढता 'पान', 'मान' आणि 'भान' म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. 'काल' आणि 'गाल' यांतला फरक तर घशात होतो, तो दिसतच नाही. ज्याला मराठी येते तो संदर्भावरून 'पान' ओळखेल. ज्याला येत नाही त्याने संदर्भ आणायचा कुठून? म्हणजे ओठ वाचणे हे भाषा आलेल्याचे कसब आहे. भाषा शिकण्याची वाट म्हणून ते फार अरुंद आहे.

मिलानचा हिशेब पुढे दोनदा तपासला गेला. बुद्धिमापन चाचणीमुळे आपल्याला माहीत असलेले आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी तेओदोर सिमाँ यांनी १९०९ मध्ये तोंडी पद्धतीने शिकून बाहेर पडलेल्यांची पाहणी केली. ही मंडळी घरच्यांशी रोजच्या साध्या गोष्टी बोलू शकत होती, पण परक्याशी संभाषण करणे बहुतेकांना जमत नव्हते. मग १९७९ मध्ये इंग्लंडमधल्या र्‍यूबेन कॉनराड यांनी शाळा सोडणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या बधिर मुलांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. मधल्या मुलाची वाचनाची पातळी नऊ वर्षांच्या मुलाएवढी होती. जवळजवळ निम्म्या मुलांचे बोलणे समजायला फार अवघड किंवा अशक्य आहे, असे त्यांच्या स्वतःच्या शिक्षकांनीच सांगितले. व्यासपीठावरची मुले खरी होती, पण ती मधली मुले नव्हती.

इथपर्यंत मी भाचीला फोनवर सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे खुणांवाले बरोबर." तेवढे सोपे असते तर हा लेख इथेच संपला असता. पण दुसऱ्या बाजूचेही एक व्यासपीठ आहे.

१९६६ मध्ये अमेरिकेत स्टकलेस आणि बर्च या दोघांनी बधिर आईवडिलांच्या ३८ बधिर मुलांची तुलना, घरी खुणा न मिळालेल्या तशाच ३८ बधिर मुलांशी केली. पहिला गट वाचनात, लिहिण्यात आणि ओठ वाचण्यातही पुढे निघाला. बोलण्याच्या स्पष्टतेत फरक नव्हता, म्हणजे खुणांनी बोलणे बिघडले नव्हते. खुणांच्या बाजूने हा पुरावा अजून दिला जातो आणि तो भक्कम आहे. पण व्यासपीठाचा प्रश्न इथेही विचारायला हवा. ही मुले कोणाची होती? त्यांच्या आईला ती भाषा लहानपणापासून येत होती. सकाळी दात घासताना, दुपारी भाजी निवडताना, रात्री रागावताना, दिवसभर ती भाषा घरात होती. प्रत्यक्षात दहातली नऊहून अधिक बधिर मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात, आणि त्या आईवडिलांना निदान झाले त्या दिवशी एकही खूण येत नसते.

यावर अलीकडचे काम दिलासा देणारे आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत ऐकू येणाऱ्या पालकांच्या बधिर मुलांचा शब्दसंग्रह तपासला गेला. हे पालक खुणा शिकत शिकतच वापरत होते. तरीही ज्या मुलांना सहा महिन्यांच्या आत खुणांची भाषा मिळू लागली, त्यांचा खुणांचा संग्रह वयाला साजेसा वाढत होता. आईची भाषा निर्दोष असावी लागत नाही. ती मुलाच्या दोन पावले पुढे असावी लागते.

इम्प्लांटच्या बाजूचाही पुरावा तितक्याच प्रामाणिकपणे मांडायला हवा. २०१७ मध्ये अमेरिकेत ॲन गीर्स आणि सहकाऱ्यांनी इम्प्लांट केलेल्या ९७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या घरी खुणा वापरल्या नव्हत्या ती मुले प्राथमिक शाळेच्या अखेरीस बोलण्यात आणि वाचण्यात पुढे होती. बंदीवाले हा कागद आजही दाखवतात. त्यावर आक्षेप असा, की ज्या मुलाचे बोलणे लवकर सुरू होते त्याच्या घरच्या खुणा आपोआप सुटतात, आणि ज्याचे अडते तिथे त्या चालू राहतात. मग खुणांमुळे बोलणे अडले, की बोलणे अडले म्हणून खुणा राहिल्या? त्या अभ्यासावरून याचा निकाल लागत नाही.

या सगळ्या भांडणात मला सर्वांत निर्णायक वाटलेला अभ्यास कोणत्याच बाजूचा नाही. रेचेल मेबेरी आणि सहकाऱ्यांचा हा लेख २००२ मध्ये 'नेचर'मध्ये आला. उशिरा खुणांची भाषा शिकलेले दोन प्रकारचे बधिर लोक त्यांनी घेतले. एका गटाने लहानपणी बोललेली भाषा ऐकली होती आणि ते नंतर बधिर झाले होते. दुसरा गट जन्मतः बधिर होता आणि लहानपणी त्याला कोणतीच भाषा धड मिळाली नव्हती. दोघे सारख्याच उशिरा खुणा शिकले, पण पहिला गट खूप सरस ठरला. उलट दिशेनेही तसेच दिसले. लहानपणी खुणांची भाषा मिळालेल्यांचे इंग्रजी, काहीच न मिळालेल्यांपेक्षा चांगले होते. म्हणजे पहिली भाषा बोललेली की हातांची, याने फारसे बिघडत नाही. ती वेळेत मिळाली की नाही, याने सगळे बिघडते.

भाचीला मी एवढेच सांगू शकलो, की वाणी की खुणा हा प्रश्न थोडा बाजूला ठेव. आज तुझ्या मुलीपर्यंत कोणती भाषा पोचते आहे, आणि दिवसातले किती तास, हे आधी पाहा.

हिशेब मांडला तेव्हा चित्र असे दिसले. सहाव्या महिन्यात श्रवणयंत्र बसवले. ते लावूनही तिला दार आपटलेले कळे, बोलणे नाही. एमआरआयमध्ये श्रवणाची नस दोन्हीकडे व्यवस्थित दिसली. हे आधी पाहावेच लागते, कारण नस नसेल किंवा फार बारीक असेल तर इम्प्लांटचा उपयोग होत नाही किंवा अगदी थोडा होतो. शस्त्रक्रिया चौदाव्या महिन्यात झाली, यंत्र तीन आठवड्यांनी सुरू झाले. पण सुरू झालेले यंत्र म्हणजे ऐकू येणे नव्हे. त्याचा विद्युत संकेत आणि 'आई' हा शब्द यांची गाठ मेंदूत पडायला महिने जातात. म्हणजे चौथ्या महिन्यापासून दोन वर्षांपर्यंतचा काळ, ज्यात ऐकणारे मूल पन्नासेक शब्द आणि 'बाबा गेला'सारखी जोडवाक्ये मिळवते, तो 'हात बंद' या सल्ल्याने जवळजवळ कोरा जाणार होता. आणि इम्प्लांट अपेक्षेइतके चालले नाही, तर ते कळेपर्यंत तिसरे वर्ष उजाडले असते.

हा असमतोल पालकांनी नीट तोलावा. खुणा शिकवल्या आणि पुढे बोलणे उत्तम आले, तर फार तर एक जास्तीची भाषा पदरी पडते. खुणा रोखल्या आणि बोलणे आले नाही, तर गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.

भाचीच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या एक कर्णबधिर बाई होत्या. त्या आठवड्यातून दोन दुपारी घरी येऊ लागल्या. भाची आणि जावई त्यांच्याकडून शिकत, उरलेले भारतीय सांकेतिक भाषेच्या सरकारी कोशातून बघत. दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राने २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा तो कोश काढला आणि पुढे वाढवला. त्यात चित्रफिती आहेत, म्हणून तो घरबसल्या वापरता येतो. पण कोशाने शब्द मिळतात, गप्पा मिळत नाहीत. गप्पांसाठी त्या बाईच लागल्या.

'दोन्ही' कसे करायचे, यात मिलानच्या दुसऱ्या ठरावातला एक कण खरा निघाला. १९७९ मध्ये मार्मोर आणि पेटिटो यांनी एकाच वेळी बोलणाऱ्या आणि खुणा करणाऱ्या शिक्षकांचे चित्रण तपासले. तोंडाचे वाक्य पूर्ण राही आणि हातांचे गळके होई. कारण उघड आहे. १९६० मध्ये विल्यम स्टोको यांनी दाखवले तसे खुणांच्या भाषेला तिची स्वतःची रचना असते. भारतीय सांकेतिक भाषेत 'काय', 'कुठे' हे शब्द वाक्याच्या शेवटी येतात. मराठी बोलत तिच्या खुणा केल्या की कोणाचे तरी व्याकरण मोडते. मिलानने यावरून खुणा काढून टाकल्या. भाचीने वेळा वाटून घेतल्या. यंत्र लावून खेळताना आणि गोष्टी सांगताना मराठी. आंघोळीला, झोपताना, म्हणजे यंत्र काढलेले असताना, आणि बाई आल्या की खुणा. एरवी मुलगी ज्या भाषेत विचारेल त्या भाषेत उत्तर.

आणि एक वही ठेवली. तिची शिस्त मला फार आवडली. शिकवून, 'म्हण' म्हणून वदवलेला शब्द त्यात लिहायचा नाही. मुलीने आपणहून, काहीतरी हवे म्हणून किंवा सांगायचे म्हणून वापरलेलाच लिहायचा. दर तीन महिन्यांनी बेरीज. दोन्ही भाषा मिळून बेरीज वयाच्या जवळ आहे का, जोड्या होताहेत का, ती प्रश्न विचारते का, एवढे पाहायचे. दुसऱ्या वाढदिवसाला साठावर खुणा आणि बारा बोललेले शब्द होते. बारांकडेच पाहिले असते तर घाबरायला झाले असते, आणि वदवलेले धरून चाळीस लिहिले असते तर खोटी निश्चिंती आली असती. अडीचाव्या वर्षी तिने 'पाऊस का' असे हातांनी विचारले. साडेतीनच्या आसपास मराठी खुणांच्या पुढे गेली. तेव्हाही गोंगाटात, लग्नाच्या मांडवात, तिचे हातच चालत. आजही चालतात.

बेरीज दोन्ही भाषांत मिळून सहा महिने जागची हलली नाही, तर मूल आळशी आहे असे समजू नये. यंत्राचे मापन, नस, दिवसातले यंत्र लावलेले तास आणि घरातली भाषा, यांतले काहीतरी चुकते आहे असे समजावे.

२०१० मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला याच परिषदांच्या मालिकेतली एकविसावी परिषद भरली, आणि मिलानचे ठराव नाकारत असल्याचे सांगून तिने खेद व्यक्त केला. मधे एकशे तीस वर्षे गेली होती.

हे सगळे लिहून झाल्यावर मी भाचीला वाचायला दिले. तिने एकच हरकत घेतली. "मामा, तू आता आमचीच पोर व्यासपीठावर उभी केलीस." तिचे म्हणणे बरोबर आहे. म्हणून वाचकाने या मुलीलाही तेच प्रश्न विचारावेत. निदान चौथ्या महिन्यात झाले, जे अनेक गावांत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी होते. नस शाबूत होती. शस्त्रक्रियेचा खर्च निघाला. आईला घरी वेळ होता, आणि गल्लीत एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. यातले एखादे नसेल त्या घराचा हिशेब वेगळा येईल, आणि तो त्या घराने आपल्या वहीत मांडावा.

गेल्या दिवाळीत फराळाला आलेल्या एका पाहुण्यांनी तिला कौतुकाने म्हटले, "बाळ, काहीतरी बोलून दाखव बघू." तिने आईकडे पाहिले आणि हातांनी विचारले, 'काय बोलू? त्यांना काय हवे आहे?' भाचीने पाहुण्यांना ते मराठीत सांगितले. त्यांनी थोडा विचार करून चकली मागितली, आणि तिने ती आणून दिली.